प्रतिसाद: आधी न हलणारे तास मांडावेत

> "मायनर संख्याशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्ह छायाचित्रण, दोन्ही मंगळवारी ११ वाजता. शिवाय गुरुवारचं प्रॅक्टिकलही आडवं येतंय. काय सोडू?"

ज्या विषयाची एकच तुकडी आहे, तो वेळापत्रकात सर्वप्रथम मांडावा. आपल्याकडे संख्याशास्त्र असे आहे, म्हणून मंगळवार आणि गुरुवारचे ११ ते १२ हे तास पेनाने लिहावेत, बाकी सारे पेन्सिलीने. त्यानंतर प्रॅक्टिकलची बॅच पाहावी. 'अ' बॅच गुरुवारी ११ ते १ आणि 'ब' शुक्रवारी त्याच वेळेस असेल, तर 'ब' बॅचमधील कोणी अदलाबदलीस तयार आहे का ते विचारून दोघांचा एकत्रित अर्ज विभागप्रमुखांकडे द्यावा. एकट्याचा अर्ज बहुधा बॅचमधील जागांच्या संख्येवर अडतो. मात्र छायाचित्रणाचा दुसरा तास शुक्रवारी १२ वाजता असल्यास ही अदलाबदल त्यावरही आदळेल, आणि केवळ मंगळवारकडे पाहत राहिल्यास हे लक्षात येत नाही. तेव्हा बदलायचे ते ओपन इलेक्टिव्हच, कारण त्यालाच पर्याय जास्त असतात.

"एक तास बुडवून चालवून घेऊ" हा सल्ला मला पटत नाही. आठवड्याला दोनच तास असलेल्या विषयात एक कायमचा बुडाला, तर हजेरी ५० टक्क्यांच्या वर जात नाही. तीन तासांच्या विषयातही ती ६७ टक्क्यांच्या आसपासच थांबते, आणि अट सहसा ७५ टक्क्यांची असते. छायाचित्रण सोडवतच नसेल, तर 'स्वयं' या ऑनलाइन मंचावरील तत्सम अभ्यासक्रमाचे श्रेयांक महाविद्यालय स्वीकारते का, हे नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.