मदत हवी आहे: बीटा रिग्रेशनमध्ये ०.००१ टाकलं की एक उत्तर, ०.०००१ टाकलं की दुसरं

शिवापूर_फाटा
पुणे जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींचा डेटा आहे, २१२ ओळी. मिळालेल्या निधीतला किती हिस्सा वर्षअखेर खर्च झाला, तो ० ते १ मध्ये. मुख्य व्हेरिएबल म्हणजे ग्रामसेवक पूर्णवेळ आहे की त्याच्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार आहे, आणि सोबत `antar` म्हणजे गावाचं अंतर. `betareg` चालवलं तर ही एरर येते:

```
invalid dependent variable, all observations must be in (0, 1)
```

मग ० च्या जागी ०.००१ आणि १ च्या जागी ०.९९९ टाकलं, चाललं. ०.०००१ टाकून पाहिलं तर पूर्णवेळचा कोइफिशंट बदलला आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली. नक्की कोणता आकडा टाकायचा? सोमवारी गाइडना दाखवायचंय, कृपया लवकर सांगा.

नळस्टॉप
मनाने आकडा टाकायचा नसतो, त्यासाठी सूत्र आहे. स्मिथसन आणि व्हरक्विलन यांचा २००६ चा पेपर, सगळे तेच वापरतात:

```r
n = nrow(d)
d$y2 <- (d$y * (n - 1) + 0.5) / n
```

एवढं करा आणि पुढे जा. परीक्षकही काही विचारत नाहीत.

पर्वती_पायथा
थांबा, आकडा ठरवण्याआधी तीन गोष्टी सांगा. शून्य किती आहेत, एक किती आहेत, आणि शून्याचा अर्थ काय? पैसे खात्यावर असून खर्च झाले नाहीत, की पैसेच आले नव्हते? आणि भागलं कशाने: मंजूर रकमेने, जमा रकमेने, की आरंभीच्या शिल्लकीसह?

शिवापूर_फाटा
शून्य ९, एक १४. बाकी १८९ मधल्या आहेत. भागलंय त्या वर्षी जमा झालेल्या रकमेने. पण याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध? मला फक्त कोणता आकडा टाकायचा ते हवंय.

जुन्नरी
माझाही सेम प्रॉब्लेम आहे. आमच्या तालुक्यातल्या शाळांचा स्कॉलरशिपचा निकाल आहे, कुठे ४० पैकी १८ पास, कुठे ६ पैकी ६. मीही १ ला अडकलेय. बीटाच लावू ना?

पर्वती_पायथा
जुन्नरीताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे किती पैकी किती हे माहीत आहे, म्हणून साधं लॉजिस्टिक बायनोमियल लावा. ६ पैकी ६ आणि ४० पैकी ४० यांचं वजन तिथे आपोआप वेगळं धरलं जातं आणि १ ची अडचणच येत नाही. बीटा रिग्रेशन "किती पैकी किती" असं मोजता न येणाऱ्या हिश्श्यांसाठी आहे. रुपये हे "पैकी" नसतात; एका लाखातला प्रत्येक रुपया स्वतंत्र नाणेफेक नव्हे.

शिवापूर, संबंध असा आहे. बीटाच्या लाइकलिहूडमध्ये y चा लॉग आणि १−y चा लॉग येतो. लॉजिट मापावर अर्धा खर्च म्हणजे ०, दोन टक्के खर्च म्हणजे −३.९. तुमचं ०.००१ तिथे −६.९ वर जातं आणि ०.०००१ थेट −९.२ वर. म्हणजे ज्या गावाबद्दल "काही खर्च नाही" एवढंच माहीत आहे, ते किती टोकाचं आहे हे तुम्ही कीबोर्डवरून ठरवताय, आणि अशा तेवीस ओळी मिळून उरलेल्या १८९ ना ओढतात. हे खरंच होतंय का ते पाहायचं असेल तर तिन्ही मॉडेलांचा फाय, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती घट्ट आहेत ते सांगणारा पॅरामीटर, छापून पाहा: ०.००१ वालं, ०.०००१ वालं, आणि तेवीस ओळी वगळून.

नळस्टॉप
सूत्रात हा मनमानीपणा नाही ना, n वरून आकडा ठरतो.

पर्वती_पायथा
ठरतो, पण कशावरून? n २१२ असेल तर शून्याचं ०.००२४ होतं. तोच अभ्यास २,००० गावांवर केला तर त्याच गावाचं शून्य ०.०००२५ होईल. गावात काहीच बदललं नाही, मोजणाऱ्याने आणखी गावं घेतली एवढंच. शून्य जेव्हा राउंडिंगमुळे आलेलं असतं, म्हणजे ०.३ टक्के खर्च शून्य लिहिला गेलेला असतो, आणि अशा ओळी दोन-चारच असतात, तेव्हा तुमचं सूत्र चालतं. तेवढं मान्य आहे.

शिवापूर_फाटा
छापला. ०.००१ ला फाय १.८, ०.०००१ ला १.४५, वगळल्यावर ८.१. वगळल्यावर पूर्णवेळचा कोइफिशंट ०.४२ आणि पी-व्हॅल्यू अगदी छोटी. मग वगळूनच टाकतो.

पर्वती_पायथा
वगळायची घाई नको, आधी या आकड्यांचा अर्थ बघा. सरासरी ०.६ धरा. फाय ८ असेल तर बीटाचे दोन शेप ४.८ आणि ३.२ येतात, म्हणजे ०.६३ च्या आसपास एक उंचवटा. फाय १.४५ असेल तर ते ०.८७ आणि ०.५८. दोन्ही १ च्या खाली गेले की वक्र उलटा होतो, मध्ये खड्डा आणि दोन्ही टोकांना चढ. तुमचा हिस्टोग्राम तसा दिसतो का? दिसत नसेल, तर बारीक आकडा टाकल्यावर मॉडेल तुमच्या गावांचं राहिलंच नाही. कोणत्याही पी-व्हॅल्यूआधी ही तपासणी करा.

शिवापूर_फाटा
हिस्टोग्रामला ०.६५ च्या जवळ उंचवटा आहे. टोकांना फक्त ते दोन खांब.

कर्वेरोड_इको
एवढा खटाटोप कशाला? फ्रॅक्शनल लॉजिट लावा, पापके आणि वुल्ड्रिज, १९९६. ० आणि १ दोन्ही जसेच्या तसे घेतं, आकड्यांच्या वितरणाबद्दल काही गृहीत धरत नाही, फक्त सरासरीचं समीकरण बरोबर हवं. `glm` मध्ये `quasibinomial` आणि रोबस्ट स्टँडर्ड एरर. अर्थशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. बीटा उगाच नाजूक आहे.

पर्वती_पायथा
सरासरीपुरता प्रश्न असेल तर फ्रॅक्शनल लॉजिट उत्तम, वाद नाही. पण कार्यभारवाल्या गावांत खर्च जास्त विखुरलेला आहे का, हे त्यातून समजत नाही. बीटामध्ये फायलाही स्वतःचं समीकरण देता येतं, आणि इथे ते महत्त्वाचं वाटतंय: एक ग्रामसेवक तीन गावं बघतो, तेव्हा एखाद्या गावाला भरपूर वेळ मिळतो, एखाद्याला काहीच नाही.

कर्वेरोड_इको
धोरणासाठी सरासरीच लागते हो. विखुरलेपणा कोण वाचतं?

मार्चएंड
मी पंचायतीच्या हिशेबात नोकरी केली आहे. तुमचं भांडण चालू द्या, पण शून्याचं कारण मी सांगतो. १५ व्या वित्त आयोगाचा हप्ता कधीकधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा व्हायचा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ई-निविदा हे चार दिवसांत होत नाही. त्या गावाचा खर्च शून्यच दिसणार, ग्रामसेवक कितीही पूर्णवेळ असो. आणि मागच्या वर्षीची शिल्लक यंदा खर्च झाली की यंदाच्या जमेच्या १२० टक्के खर्च दिसतो. तुमच्या शीटमध्ये १०० च्या वरची गावं नाहीत का?

शिवाय बंधित आणि अबंधित वेगळं केलंय का? २०२१-२२ ते २०२५-२६ ला ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. तो खर्च सावकाश होतो.

शिवापूर_फाटा
शीट मला तयार मिळाली होती, त्यात सगळे १ पर्यंतच होते. मूळ रकमा वेगळ्या फाइलमध्ये आहेत, बघतो. बंधित-अबंधित वेगळं नाही, एकत्रच आलंय.

नळस्टॉप
मूळ रकमा ई-ग्रामस्वराजवर मिळतील. पायथनने कशा उतरवायच्या ते हवं असेल तर सांगतो, आरपेक्षा पायथन सोपं पडतं.

शिवापूर_फाटा
रकमा आहेत माझ्याकडे, उतरवायच्या नाहीत.

पाहिलं. १४ पैकी १० गावांत खर्च जमेपेक्षा जास्त होता, शीटमध्ये छाटून १ केलेला. आता आरंभीची शिल्लक अधिक जमा, अशा उपलब्ध रकमेने भागलं. १ फक्त ४ उरले. शून्यांपैकी ६ ठिकाणी हप्ता २५ मार्चनंतर आला आणि आधीची शिल्लक नव्हती. ३ ठिकाणी पैसे वर्षभर खात्यावर होते, तरी खर्च नाही.

पर्वती_पायथा
मार्चएंड साहेबांनी मोठं काम केलं. ती ६ गावं या प्रश्नातच बसत नाहीत. "हाती असलेल्यातलं किती खर्च केलं" हे त्यांना विचारताच येत नाही, कारण हाती काही नव्हतं. ती बाहेर काढा आणि का काढली हे प्रबंधात स्पष्ट लिहा. ३ खरी शून्यं आणि ४ खरे एक उरले. १९९ वर बीटा चालवा:

```r
m <- betareg(y ~ purnavel + antar | purnavel, data = d1)
predict(m, data.frame(purnavel = 0:1, antar = 25))
```

उभ्या रेघेनंतरचा भाग फायचा. तो लॉगवर छापला जातो, म्हणून आकडा एकदम लहान दिसला तर दचकू नका.

मग त्या सात ओळी परत घालून फ्रॅक्शनल लॉजिट चालवा, कर्वेरोडच्या पद्धतीने. दोन्हीकडे पूर्णवेळचा परिणाम जवळपास सारखा आला तर सात ओळींनी निष्कर्ष हलत नाही असं लिहिता येईल. `betareg` च्या ३.२ आवृत्तीपासून ० आणि १ असलेला डेटा `xbetax` ने बसवता येतो, पण तिथे टोकं आणि मधले आकडे एकाच प्रक्रियेतून आले असं धरलेलं असतं. पूर्ण खर्च करणाऱ्या ४ गावांबद्दल ते पटतं. खात्यावर पैसे असून हात न लावणाऱ्या ३ गावांबद्दल मला खात्री नाही.

कर्वेरोड_इको
म्हणजे शेवटी फ्रॅक्शनल लॉजिट लागलंच.

शिवापूर_फाटा
पूर्णवेळ ०.३९, फ्रॅक्शनलमध्ये ०.४१. फायचा कोइफिशंटही पॉझिटिव्ह आहे. गाइड विचारणार ४० टक्के वाढ का, तर हो म्हणू?

पर्वती_पायथा
नाही, हा लॉजिटवरचा आकडा आहे. आधीचा ०.४२ घेऊन करून दाखवतो. त्याचा घातांक १.५२. ज्या गावांची सरासरी ०.५५, त्यांचं ऑड्स १.२२; गुणून १.८६, म्हणजे सरासरी ०.६५. दहा अंकांची वाढ. पण ०.९० वर असलेल्या गावांना त्याच कोइफिशंटने जेमतेम ०.९३ मिळतात, तीनच अंक. म्हणून गाइडना एक आकडा देऊ नका, `predict` चं टेबल दाखवा. फायचा कोइफिशंट पॉझिटिव्ह म्हणजे पूर्णवेळ गावं एकमेकांच्या जास्त जवळ आहेत. माझ्या मते तुमचा खरा शोध तोच आहे.

मार्चएंड
२१२ ग्रामपंचायती कोणत्या तालुक्यांतल्या घेतल्या? भोर-वेल्ह्याकडची गावं लहान, रकमाही लहान असतात.

शिवापूर_फाटा
भोर आणि पुरंदर. २१२ गावं नाहीत, १०६ गावं आहेत, दोन वर्षांची.

पर्वती_पायथा
हे आधी सांगायचं होतं. मग ओळी स्वतंत्र नाहीत आणि वरच्या स्टँडर्ड एरर खऱ्यापेक्षा लहान आल्या असणार. गावाला रँडम इफेक्ट द्या:

```r
glmmTMB(y ~ purnavel + antar + varsh + (1 | gp),
        dispformula = ~ purnavel,
        family = beta_family(), data = d1)
```

कर्वेरोड_इको
किंवा फ्रॅक्शनलमध्ये गावानुसार क्लस्टर्ड एरर. सोपं आणि बळकट.

पर्वती_पायथा
तेही चालेल, पण अर्थ थोडा वेगळा होतो. रँडम इफेक्टवाला कोइफिशंट एका गावापुरता असतो, क्लस्टरवाला सगळ्या गावांच्या सरासरीचा, म्हणून दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. शिवापूर, दोन वर्षांत ग्रामसेवकाची स्थिती बदललेली गावं किती आहेत? तीच मोजकी असतील, तर सगळी तुलना गावागावांमधली होते, आणि पूर्णवेळ माणूस मुळातच चांगल्या गावाला मिळतो का, हा प्रश्न कोणतंही मॉडेल सोडवणार नाही.

शिवापूर_फाटा
बदललेली ११ गावं. `glmmTMB` इन्स्टॉल करतोय, आउटपुट आला की टाकतो.

जुन्नरी
माझ्या ६ पैकी ६ चं बायनोमियल चाललं. पण डेव्हियन्स खूप जास्त दाखवतंय, ते काय असतं?