मदत हवी आहे: मधपेटीत राणीघरं दिसली, आता काय करू?

माझी एकच पेटी आहे, पहिलाच फुलोरा. आठवड्याने तपासते. आज दोन फ्रेमच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी लोंबती राणीघरं दिसली. तोंडं उघडी, आत पांढऱ्या खाद्यात अळी. ताजी अंडीही आहेत, म्हणजे जुनी राणी पेटीतच असावी. तोंडं बंद झाली की ती अर्ध्या माश्या घेऊन उडेल, असं वाचलंय. घरं मोडली तरी माश्या पुन्हा बांधतात म्हणे (हट्टीच आहेत!). राणीसकट दोन फ्रेम नव्या पेटीत हलवून इथे एकच राणीघर ठेवू का? लहान वसाहतीला साखरेचा पाक कधीपर्यंत द्यावा? आणि फुलोरा संपल्यावर दोन्ही पुन्हा एकत्र करता येतील का?