नवरा दुबईत, बायको सासरी : अनुभव धागा

नवरा आखातात, बायको अमळनेर-चोपड्याकडे सासरी, वर्षाकाठी महिनाभराची सुट्टी. फोनवरचं वर्ष आणि सुट्टीचा पहिला आठवडा कसा निभावायचा? रडगाणं नको, नेमकं लिहा.

तापीकाठ : आधी फोनची वेळ बसवा. दुबई आपल्या दीड तास मागे. रात्री दहाला तिचं आवरतं तेव्हा त्याच्याकडे साडेआठ, खोली माणसांनी भरलेली. तो हो-नाहीवर बोलतो, तिला वाटतं तुटक वागतोय. उघड्यावरच्या साइटवर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवावं लागतं. आपल्याकडे तेव्हा दोन वाजलेले, सासूबाई आडव्या झालेल्या. वीस मिनिटं मोकळेपणानं बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिथे सहसा लागत नाही, बोटिम दोघांच्याही फोनात असू द्या. हप्ता, कापसाचा भाव हे मेसेजवर. कॉलमध्ये ते शिरलं की वीस मिनिटं त्यातच जातात.

केळीबाग : आणि तो घरी आला की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या. झालं.

नर्सताई : दादा, तिथंच फसतं. माला-एन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच लगेच भरवसा. मध्येच सुरू केली तर सात दिवस निरोध हवाच, आणि घाई नेमकी त्याच सात दिवसांत असते! समजा तिकीट २० एप्रिलचं आहे आणि पाळी ५ तारखेला आली. तर ५ ते ९ मध्ये गोळी सुरू करायची, तो येईपर्यंत काळजी मिटलेली. बीपी, अर्धशिशी असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, एवढ्या खंडानंतर पहिल्या रात्री कोरडेपणा येतो, दुखतं. बाई अंग चोरते, नवऱ्याला ते नकार वाटतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नुसतं जवळ झोपणं, बोलणं असू द्या. मेडिकलमध्ये पाण्यावर बनलेलं जेल मिळतं, ते वापरा. खोबरेल नको, त्यानं निरोध फाटतो.

जळगावकर : बायकोला तिकडे न्यायला पगार किती लागतो?

तापीकाठ : धाग्याचा विषय तो नाही, पण ४,००० दिरहम, किंवा कंपनीचं घर असेल तर ३,०००.

आखाजी : आमना घरमा खोली एकच शे, पाव्हणा आठ दिन हटतस नहीत. मंग जेल लईसन काय करानं?

नर्सताई : बाई, तो मुंबईला उतरला की तूच घ्यायला जा. दोन रात्री नाशिकला थांबून मग गाव.

केळीबाग : आई-बाप वर्षभर वाट पाहतात, त्यांना काय सांगणार?

नर्सताई : दोन दिवस उशिरानं तिकीट मिळालं म्हणून सांगायचं.

केळीबाग : खोटं बोलायचं? मला नाही पटत.

आखाजी : माले पटनं.