ट्रान्सफर लॉक चालू असूनही नेमसर्व्हर बदलले, मदत हवी आहे

घाईत_आहे: तातडीचं आहे. परवा रात्री कुणीतरी आमच्या कंपनीच्या डोमेनचे नेमसर्व्हर बदलले. पॅनेलमध्ये लॉक आजही चालूच दिसतोय, मग झालं कसं? काल सकाळी आम्ही जुने परत घातले, तरी काही ग्राहकांना अजून ते भलतंच पान दिसतंय. तिकिटाला उत्तर नाही. काय करू?

निवांत_गडी: नूतनीकरण विसरलात. मुदत संपली की रजिस्ट्रारच जाहिरातींचं पान लावतो. आमचंही झालं होतं, पैसे भरले की संपलं.

घाईत_आहे: मुदत संपायला दोन वर्षं आहेत. कृपया प्रश्न वाचा.

जुना_खिळा: डॉट कॉम आहे का? आणि लॉक म्हणजे नेमका कोणता? हे चालवून जे येईल ते इथे चिकटवा.

```
whois example.com | grep -i status
```

घाईत_आहे: हो, डॉट कॉम. एकच स्टेटस आलं: clientTransferProhibited

जुना_खिळा: मग लॉकने त्याचं काम केलंय. हा लॉक डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे पळवू देत नाही, बस. नेमसर्व्हर बदलायला डोमेन हलवावं लागतच नाही. ते अडवायला clientUpdateProhibited हवा. पण तोही पॅनेलमधूनच काढता येतो, म्हणजे ज्याच्या हातात तुमचं खातं, त्याच्या हातात ती किल्लीही. खातं कुठल्या ईमेलवर आहे?

घाईत_आहे: admin@ आमच्याच डोमेनवर. का?

जुना_खिळा: तिथेच घोळ आहे. नेमसर्व्हर बदलले की मेल कुठे जायची ते सांगणारा एमएक्सही त्यांचाच. बदलाची सूचना रजिस्ट्रारने पाठवली असेल, तर ती बहुधा त्यांच्याच सर्व्हरवर उतरली. पासवर्ड बदलायची लिंकही तिथेच जाणार. आधी खात्याचं ईमेल वेगळ्या डोमेनवर न्या, नवा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, बाकीची सेशन्स बंद. पॅनेलमधल्या एपीआय की रद्द करायला विसरू नका, नाहीतर पासवर्ड बदलूनही दार उघडंच.

सही_रे_सही: डीएनएसेक लावलं असतं तर हे झालंच नसतं. मी सगळ्यांना हेच सांगतो.

जुना_खिळा: इथे नाही. पॅनेलमध्ये शिरलेला माणूस डीएस रेकॉर्डही काढू शकतो. डीएनएसेक उत्तरातली फेरफार पकडतं, मालकाच्या खात्यातून केलेला बदल नाही.

सही_रे_सही: पण काहीच नसण्यापेक्षा बरं की नाही?

जुना_खिळा: बरं आहे, पण वेगळ्या दुखण्यावरचं औषध आहे.

घाईत_आहे: भांडण नंतर. ग्राहकांना अजून ते भलतंच पान का दिसतंय ते सांगा.

जुना_खिळा: डॉट कॉमच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. तेवढा वेळ काही रिझॉल्व्हर त्यांच्याच सर्व्हरला विचारत राहतील. गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसला कॅशे रिकामी करायची पानं आहेत, ती वापरा. बाकीच्यांची वाट बघावी लागेल.

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. डोमेन ताब्यात असताना त्यांनी तुमच्या नावाचं टीएलएस प्रमाणपत्र काढलं असेल, तर ते नेमसर्व्हर परत घातल्यावरही चालतं. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद crt.sh वर दिसते, तिथे बघा.

घाईत_आहे: बघितलं. परवा रात्रीचं एक आहे, आम्ही काढलेलं नाही. 😰

जुना_खिळा: ज्यांनी दिलं त्यांना कळवून ताबडतोब रद्द करून घ्या. आणि त्या वेळात आलेली मेल त्यांनी वाचली असं धरून चाला.

कोपऱ्यातला: आमच्याकडे सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर डोमेन होतं, सहा महिने पाठपुरावा केला. मालकाचं नाव तपासा.

घाईत_आहे: कंपनीचंच आहे. पुढच्या वेळी हे लगेच कळावं म्हणून?

जुना_खिळा: दोन गोष्टी. रजिस्ट्रारकडे रजिस्ट्री लॉक मागा. तो लागला की हूइजमध्ये serverUpdateProhibited दिसतं आणि काढायला आधी ठरवलेल्या माणसांची फोनवर पडताळणी लागते. सगळे रजिस्ट्रार देत नाहीत, पैसे वेगळे, आणि तुमचे स्वतःचे बदलही रखडतात. एमएक्ससारखे रेकॉर्ड डीएनएस कंपनीच्या पॅनेलमध्ये असतात, त्यांना याचं संरक्षण नाही.

दुसरं, डॉट कॉमच्या सर्व्हरलाच दर पाच मिनिटांनी विचारा:

```
dig +norecurse +noall +authority @a.gtld-servers.net example.com NS
```

उत्तर बदललं की फोनवर संदेश जाऊ दे, त्याच डोमेनच्या मेलवर नको. इथे +short लावू नका. नावं ऑथॉरिटी भागात येतात, त्यामुळे हाती काहीच लागत नाही.

घाईत_आहे: लावतो. पण खात्यात शिरले कसे? पासवर्ड फक्त माझ्याकडे होता.

जुना_खिळा: admin@ च्या मेलपेटीत फॉरवर्डचा नियम आहे का, बघा. परवाच्या आधी कधी लागला तेही.

घाईत_आहे: एक आहे. मी लावलेला नाही. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.