समान मुळे, पुनरावृत्त मुळे की दुहेरी मुळे?

मृण्मयी: बीजगणितावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यातलं विधान असं: बहुपदी आणि तिचा विकलज यांचा मसावि काढला, की बहुपदीचं एखादं मूळ एकापेक्षा जास्त वेळा येतं का ते कळतं, मुळं शोधावी लागत नाहीत. अशा मुळांना मी 'समान मुळे' म्हटलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'पुनरावृत्त मुळे' केलं. वाचताना जीभ अडखळते. तुम्ही काय म्हणता?

जुनी पाटी: 'समान'च ठेवा. विवेचक शून्य आला की 'मुळे वास्तव व समान' असं आपण सगळेच घोकलोय. घोकलेला शब्द वाचकाला पुन्हा शिकवावा लागत नाही.

निरंजन: वर्गसमीकरणाला मुळं दोनच, म्हणून तिथे 'समान' खपून जातं. x³ − 3x + 2 ची मुळं 1, 1 आणि −2. इथे 'मुळे समान आहेत' म्हटलं तर तिन्ही सारखी वाटतील.

हेच उदाहरण तुमच्या विधानालाही चालेल. विकलज 3x² − 3. त्यातला 3 बाजूला ठेवून x² − 1 ने मूळ बहुपदीला भागा, बाकी उरते −2x + 2, म्हणजे स्थिर गुणक सोडला तर x − 1. आता x² − 1 ला x − 1 ने भागलं की बाकी शून्य. मसावि x − 1. मूळ 1 दोनदा आहे हे नुसत्या भागाकारांतून कळलं. मसावि नुसता स्थिरांक आला असता, तर एकही मूळ दोनदा नाही.

शेखर: एवढा खटाटोप कशाला? मसावि आकड्यांना शोभतो. विकलजाची मुळं काढा आणि बहुपदीत घालून बघा, शून्य आलं की झालं. विकलजालाच दुहेरी मूळ असेल तर तेही करायला नको, बहुपदीला ते असणारच.

निरंजन: पहिलं बरोबर आहे, पण विकलज सातव्या कोटीचा निघाला तर त्याची मुळं काढणार कशी? भागाकार कुठल्याही कोटीला होतो. दुसरं मात्र टिकत नाही. x³ − 1 चा विकलज 3x², त्याला 0 हे दुहेरी मूळ आहे, पण 0 घातल्यावर बहुपदीची किंमत येते −1. तिची तिन्ही मुळं वेगळी आहेत.

गार्गी: मग 'सामाईक मुळे' का नाही? दोन समीकरणांना एक मूळ सामाईक असलं की आम्ही तसंच म्हणायचो.

जुनी पाटी: गार्गीताई, प्रश्न एकाच बहुपदीचा आहे.

निरंजन: पण त्या अगदीच आडवाटेला नाहीत. (x − a)² हा अवयव असेल तर विकलन केल्यावर एक (x − a) शिल्लक राहतो, म्हणून a हे दोघांचं सामाईक मूळ ठरतं. मूळ तीनदा असेल तर मसाविमध्ये ते दोनदा दिसतं. म्हणून 'दुहेरी'ही मला तोकडा वाटतो, तिहेरीचं काय करायचं?

कळफलक: माझा अनुभव उलटा आहे. सहगुणक मोजमापातून आलेले, दशांशात. मसावि दरवेळी 1. मुळं तर चिकटून बसलेली दिसत होती.

निरंजन: होणारच. वरच्या बहुपदीत शेवटचा 2 बदलून 2.0001 करा. शेवटची बाकी शून्याऐवजी 0.0001 च्या आसपास येते आणि मसावि 1 होतो. ते चूकही नाही, कारण दुहेरी मूळ खरंच फुटलेलं असतं: 1 जवळ दोन संमिश्र मुळं होतात, दोन्ही 1 पासून सुमारे 0.006 अंतरावर. ही रीत अचूक पूर्णांक-अपूर्णांकांची आहे. दशांशात 'किती लहान बाकीला शून्य मानायचं' हे आपणच ठरवावं लागतं.

कळफलक: आणि ते ठरवायचं कशावरून?

निरंजन: सहगुणकांत चूक किती असू शकते त्यावरून. पण सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा मी देऊ शकत नाही. आणखी एक खोच: 3 ने भागल्यावरच्या बाकीचं गणित चालू असेल, तर x³ − 1 म्हणजेच (x − 1)³. विकलज 3x² तिथे शून्यच होतो आणि मसावि म्हणून आख्खी बहुपदी परत मिळते. मूळ तीनदा आहे, पण मसाविमध्ये ते दोनदा न दिसता तीनदाच दिसतं. लेख अशा गणितापर्यंत जात असेल तर ही अट लिहाच.

मृण्मयी: जातो. लिहिते. पण शब्द?

शेखर: 'पुनरावृत्त' म्हणजे छापखान्यातली भाषा. 'पुन्हा येणारी मुळे' लिहा.

जुनी पाटी: आणि शीर्षकात काय, 'पुन्हा येणाऱ्या मुळांचा शोध'? पाहुण्यांबद्दल बोलल्यासारखं वाटतं. शिवाय ते 'तिचा विकलज' खटकतंय. विकलनातून जन्मलेलं ते विकलज. नपुंसकलिंगी हवं, 'तिचे विकलज'.

गार्गी: मग 'वंशज' काय नपुंसकलिंगी आहे?

जुनी पाटी: वंशज माणूस असतो. 'जलज' बघा, ते कमळ.