गटाला पाठवलेल्या ईमेलमधील टोमणा : माफी किती आणि कोणाकडे?

धागाकर्ता : अर्धविराम

मंगळवारी मी आमच्या ३२ जणांच्या गटाला ईमेल पाठवला. बैठकीत ठरलेली मुदत तिघांनी पाळली नव्हती, त्या रागात मी शेवटी लिहिले, 'सांगितलेले ऐकू येत नसेल तर काही जणांनी कान तपासून घ्यावेत.' त्या तिघांपैकी एक सहकारी श्रवणयंत्र वापरतात. लिहिताना त्या माझ्या मनातही नव्हत्या. एका मित्राने फोन करून सांगितले तेव्हा लक्षात आले. आता हा मसुदा केला आहे :

'माझ्या ईमेलमुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. कामाच्या ताणात ते वाक्य लिहिले गेले. ते कोणालाही उद्देशून नव्हते.'

एवढे पुरेसे आहे का? आणि ते सर्वांना पाठवावे की फक्त त्यांना?

रुजवात

तुमच्या मसुद्यातील क्रियापदे पाहा. भावना 'दुखावल्या गेल्या', वाक्य 'लिहिले गेले'. म्हणजे घडले सगळे, पण करणारा कोणीच नाही. एकच क्रिया तुम्ही स्वतःकडे घेतली आहे, ती म्हणजे दिलगिरी 'व्यक्त करणे', आणि तिलाही आधी 'असतील तर' जोडून तुम्ही दुखावले जाण्याचा पुरावा वाचणाऱ्याकडे मागितला आहे. शिवाय दिलगिरी गाडी उशिरा आल्याबद्दलही व्यक्त होते. येथे 'माफी मागतो' हवे, कारण त्यात चूक माझी होती हे गृहीत असते.

मी कित्येक वर्षे कार्यालयीन पत्रव्यवहार तपासण्याचे काम केले आहे. माफीच्या पत्रातून मी सर्वांत आधी 'गेले', 'झाले', 'असतील तर' आणि 'पण' खोडत असे. एवढे खोडल्यावर पुष्कळदा पत्रात काहीच उरत नसे, आणि मग ते नव्याने लिहावे लागे. तुमचे मी असे लिहिले असते :

'मंगळवारच्या ईमेलच्या शेवटी मी ऐकू न येण्यावरून टोमणा मारला. तो अपमानास्पद होता. मी त्याबद्दल माफी मागतो.'

चूक सर्वांसमोर झाली, म्हणून माफीही त्याच ३२ जणांसमोर. मात्र जुन्या ईमेलला 'सर्वांना उत्तर' देऊ नका, कारण ते वाक्य तुमच्या माफीच्या खाली पुन्हा सर्वांपर्यंत जाईल. नवा ईमेल लिहा आणि विषयाच्या ओळीत 'माफी' हा शब्द असू द्या.

तळटीप

मी याच्याशी सहमत नाही. हेतू काय होता हे लिहिले नाही, तर ३२ जणांचा असा समज होईल की टोमणा त्या सहकाऱ्यांनाच होता आणि आता पकडले गेल्यावर माफी मागितली जात आहे. हेतू नव्हता ही वस्तुस्थिती आहे. ती सांगणे म्हणजे सबब देणे नव्हे. कामाच्या ताणाचे वाक्य काढावे, ते मला मान्य आहे, पण 'उद्देशून नव्हते' हे राहू द्यावे.

दुसरे असे की, ज्यांच्या लक्षातही आले नव्हते अशा वीस-पंचवीस जणांचे लक्ष सर्वांसमोर मागितलेल्या माफीमुळे त्या बाईंच्या कानाकडे जाईल. त्यांना प्रत्यक्ष भेटून बोलावे, आणि विषय तेथेच संपवावा.

रुजवात

मुदत चुकवलेल्या तिघांना उद्देशून तर ते वाक्य होतेच, आणि त्या तिघांत त्या होत्या. म्हणून 'कोणालाही उद्देशून नव्हते' हे विधान मुळात खरेच नाही. हेतूचे स्पष्टीकरण मागितले गेले तर तोंडी द्यावे. पत्रात ते आले की वाचणारा टोमण्यावरून उठून तुमच्या मनाचे परीक्षण करू लागतो.

माफीचे कोणते घटक लोकांना पटतात यावर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास आहे. त्यात जबाबदारी स्वीकारणे सर्वांत परिणामकारक ठरले, त्याखालोखाल भरपाईची तयारी, आणि 'मला क्षमा करा' ही विनंती सर्वांत कमी. स्पष्टीकरण हा घटकही त्यांच्या यादीत आहे, एवढे तुमच्या बाजूने मान्य करतो.

पानगळ

ईमेल परत घेण्याची सोय असते, ती का वापरली नाही? मी एकदा वापरली होती. ज्यांनी मूळ ईमेल उघडलाही नव्हता त्यांना 'प्रेषक हा संदेश परत घेऊ इच्छितो' अशी सूचना गेली आणि मग तो सर्वांनी कुतूहलाने शोधून वाचला. म्हणजे वापरली नाही तेच बरे झाले, असे आता लिहिताना वाटते आहे. माझ्या ईमेलमध्ये अर्थात टोमणा नव्हता, चुकीची पगारपत्रक-फाइल होती.

मंद्रसप्तक

मी स्वतः दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते, म्हणून लिहिते आहे. असाच प्रसंग माझ्याबाबतीत घडला होता. टोमण्याचे वाईट वाटलेच. पण त्याहून त्रास झाला तो नंतरच्या भेटीचा. ते सद्गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन बसले, हेतू कसा नव्हता हे वीस मिनिटे सांगत राहिले, त्यांचे डोळे भरून आले आणि शेवटी 'असू द्या, काही झाले नाही' असे म्हणून मलाच त्यांची समजूत काढावी लागली. तेव्हा तळटीप यांना माझे सांगणे आहे की, भेटून बोलणे नेहमीच सौम्य नसते, कारण समोर बसलेल्या माणसाला तत्काळ माफ करावे लागते. लेखी तीन ओळींना उत्तर न देण्याची मुभा असते.

आणखी एक गोष्ट अर्धविराम यांच्या ध्यानात आली आहे का, कोण जाणे. लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून, फळ्याकडे तोंड करून कोणी तारीख सांगितली, तर मला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. ओठही दिसत नाहीत. त्या बाईंना ती मुदत खरोखरच ऐकू आली नसेल, ही शक्यता आहे. तसे असेल तर तुमच्या टोमण्याने त्यांच्याकडून खुलासा करण्याची वाटही बंद केली, कारण आता 'मला ऐकू आले नव्हते' हे वाक्य त्या कोणत्या तोंडाने म्हणतील?

तळटीप

भेटीविषयीचा मुद्दा मी मागे घेतो. ही बाजू मला ठाऊक नव्हती. पण ३२ जणांपुढे विषय काढण्याविषयीची माझी शंका कायम आहे.

रुजवात

म्हणूनच माझ्या मसुद्यात त्यांचे नाव नाही आणि श्रवणयंत्राचा उल्लेख नाही. तरीही वाचणारे अंदाज बांधतील, हे खरे आहे; त्यावर माझ्याजवळ पूर्ण उपाय नाही. मंद्रसप्तक यांनी दाखवलेली गोष्ट मात्र माझ्याकडून सुटली होती. तीन वाक्यांना आता चौथे हवे, आणि ते कामाचे हवे.

धागाकर्ता : अर्धविराम

मुदत मी फळ्यावर लिहीत असतानाच सांगितली होती, पाठ फिरवून. लिहिली ती फक्त तारीख, कोणत्या कामाची ते नाही. हे मला वरचा प्रतिसाद वाचेपर्यंत आठवलेही नव्हते. आज सकाळी नव्या ईमेलने सर्वांना हे पाठवले :

'मंगळवारच्या ईमेलच्या शेवटी मी ऐकू न येण्यावरून टोमणा मारला. तो अपमानास्पद होता आणि मी त्याबद्दल माफी मागतो. यापुढे बैठकीत ठरलेली कामे, ती कोणाकडे आहेत आणि त्यांच्या मुदती मी त्याच दिवशी सर्वांना लेखी कळवीन. या ईमेलला उत्तराची अपेक्षा नाही.'

पाठवण्यापूर्वी 'मुदती पाळणे मात्र आवश्यक आहे' असे एक वाक्य जोडले होते. त्यातला 'मात्र' हा 'पण'चाच सख्खा भाऊ आहे हे दिसले आणि ते वाक्य काढले. त्यांना स्वतंत्र ईमेल पाठवावा की नाही, हे अजून ठरत नाही.

मंद्रसप्तक

मला विचाराल तर पाठवू नका. आजच्या बैठकीची कामे संध्याकाळपर्यंत लेखी पाठवा, आणि बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.

तळटीप

मी पाठवला असता. दोन ओळींचा.