मदत हवी आहे: एफईच्या ओरिएंटेशनला सीआर म्हणून काय बोलू?

सोमवारी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे एफईच्या ओरिएंटेशनला मला सीआर म्हणून दोन मिनिटं बोलायचंय, मी एसई कॉम्पची. आधी लिहिलेलं ते ‘आदरणीय व्यासपीठ’ टाईप झालेलं, सगळं उडवलं. आता असंय:

“हाय, मी तुमची सीनियर, मागच्या वर्षी मी पण इथेच मागच्या बाकावर बसलेले. सीआर म्हणजे मॉनिटर नाही हं, नोटीस ग्रुपवर टाकणं आणि तुमची अडचण सरांपर्यंत नेणं एवढंच काम. अटेंडन्स ७५ टक्के लागते, म्हणजे ४० लेक्चर असतील तर ३० तरी बसा, आणि आजारी पडलात तर मेडिकल सर्टिफिकेट लगेच द्या, सेमच्या शेवटी कोणी ऐकत नाही.”

कॅपच्या, म्हणजे ॲडमिशनच्या शेवटच्या राउंडवाले उशिरा येतात, त्यांची लेक्चर बुडलेली असतात, त्यांच्यासाठी एक वाक्य कसं घालू? आणि अटेंडन्सचं ऐकून पोरं पहिल्याच दिवशी घाबरतील का?